शैलजाताईंचा मिक्सर

मिक्सर दसऱ्याला घेतला. खोक्यावरच्या कागदावर लिहिलं होतं, १५ दिवसांत संकेतस्थळावर नोंदणी केलीत तर वॉरंटी एक वर्षानं वाढेल. आमच्या घरात कुठलंही काम मुदतीच्या शेवटच्या रात्रीआधी होत नाही, पण या खेपेला मी तेराव्या दिवशीच बसलो. नाव टाकलं, मोबाईल टाकला, चष्मा कपाळावर चढवून मिक्सरच्या बुडावरचा सिरियल नंबर उतरवला. शेवटी ईमेल टाकला आणि लाल अक्षरं उमटली: ‘हा ईमेल आधीच नोंदणीकृत आहे. कृपया लॉगिन करा.’

आता, या कंपनीची आजवर एक टाचणीसुद्धा आमच्या घरात आलेली नव्हती. पण छप्पन्नाव्या वर्षी माणूस कंपनीवर संशय घ्यायच्या आधी स्वतःवर घेतो. केलंही असेल खातं, विसरलो असू. माझ्याकडे एकूण तीन पासवर्ड आहेत: एक जुना, एक त्याच्याच मागे १ लावलेला आणि एक बँकेनं हट्ट धरला म्हणून @ घुसवलेला. तिन्ही चुकले. चौथा प्रयत्न केला नाही. जे खातं आपण उघडलंच नाही, ते आपल्याच हातून लॉक व्हायचं.

भाच्याला फोन लावला. तो कंपन्यांची सॉफ्टवेअरं मोडून दाखवण्याचा पगार घेतो.

“मामा, आधी हे ठरव की विसरलायस तू की खातं दुसऱ्याच कुणाचं आहे,” तो म्हणाला. “कधी ‘गुगलनं साइन इन करा’ असं बटण दाबलं होतंस का? मग पासवर्ड नसतोच, म्हणून कुठलाच लागत नाही.”

त्याच्या सांगण्यावरून गुगल खात्यातली जोडलेल्या ॲप्सची यादी उघडली. मिक्सर नव्हता. म्हातारपणी आपण कसे दिसू हे दाखवणारं एक ॲप मात्र होतं. हे काम आमचा बाथरूममधला आरसा रोज फुकट करतो. त्याची परवानगी तिथल्या तिथे काढून टाकली.

“आता मेलमध्ये कंपनीचं नाव शोध, आणि त्याच्यापुढे in:anywhere लिही. म्हणजे स्पॅम आणि कचरापेटीही धुंडाळली जाते. पण त्या दोन्हींतलं ३० दिवसांनी आपोआप जातं, तेव्हा तिथे काही सापडलं नाही तरी निर्धास्त होऊ नकोस.”

सापडलं ते प्रमोशन्सच्या कप्प्यात, जिथे मी गेल्या कित्येक वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. ऑगस्ट २०२१. ‘नमस्कार शैलजा! आमच्या परिवारात स्वागत आहे. आपला ईमेल पडताळण्यासाठी इथे क्लिक करा.’ त्याखाली २०२२ ची सर्व्हिसिंगची पावती. त्याखाली २०२३ च्या दिवाळीच्या शुभेच्छा, शैलजालाच.

माझं नाव श्रीपाद. हा घोटाळा समजायला २००५ सालात जावं लागतं. तेव्हा निमंत्रण असल्याशिवाय जीमेल मिळत नसे. ऑफिसातल्या एकानं मला ते दिलं आणि मी नावाचं आद्याक्षर अधिक आडनाव असा सुटसुटीत पत्ता पटकावला. पुढे आलेल्यांना मागे जन्मसालं, गाडीचे नंबर असलं काही जोडावं लागलं. याचा मला वीस वर्षं अभिमान होता. पण आद्याक्षर आणि आडनाव एवढीच पाटी दारावर लावली, तर त्या आद्याक्षराचं सगळं गणगोत आपल्याच ओट्यावर येऊन टेकणार, हे लक्षात आलं नव्हतं.

“तिच्या पत्त्यात मधे टिंब असेल,” मी शहाणपणानं म्हणालो.

“जीमेल टिंबं मोजतच नाही. टिंब दे, नको देऊ, दहा दे, पेटी तुझीच. टिंब घालून तोच पत्ता दुसऱ्याला मिळूच शकत नाही. तिच्या पत्त्याच्या शेवटी बहुतेक आकडे असणार आणि ते कुणीतरी गाळले. नाहीतर तिच्याकडे ईमेलच नसेल. दुकानातल्या पोऱ्यासमोर फॉर्म असतो, ईमेलच्या रकान्यावर लाल तारा. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही आणि मागे गिऱ्हाइकांची रांग. मग तो आडनाव विचारतो आणि उरलेलं स्वतः रचतो.”

“पण पडताळणीचा दुवा तर मी दाबलाच नाही!”

“तिथेच त्यांनी शेण खाल्लं. दुवा पाठवला, पण तो दाबायची वाट न बघता खातं चालू केलं.”

मी म्हणालो, मग सोपं आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबतो, दुवा माझ्याच पेटीत येईल, खातं माझं. भाचा एकदम गंभीर झाला. पेटी तुझी असली तरी खातं तिचं आहे, म्हणाला. आत तिचा पत्ता, मोबाईल, पावत्या. शिवाय तू पासवर्ड बदललास तरी तिच्या फोनवरचं आधीचं लॉगिन तसंच चालू राहू शकतं. मग तुझा सिरियल नंबर तिला दिसणार आणि तिचं घर तुला. एका मिक्सरपायी एवढा घरोबा नको.

म्हणून कस्टमर केअर.

“सर, रजिस्टर्ड मोबाईल नंबर सांगा.”

“माझा रजिस्टर्ड नाही.”

“मग सर, अकाउंट तुमचं आहे हे कसं समजायचं?”

“माझं नाहीच आहे.”

इथे थोडी शांतता. मागे कुणाच्या तरी डब्याचं झाकण वाजलं.

“म्हणजे सर, जे अकाउंट तुमचं नाही, त्याच्याबद्दल तुमची तक्रार आहे?”

“हो.”

“ठीक आहे सर, व्हेरिफिकेशनसाठी ओटीपी पाठवला आहे. शेवटी ४७ असलेल्या नंबरवर. सांगाल का?”

तो ओटीपी त्या वेळी कुठल्यातरी स्वयंपाकघरात शैलजाताईंच्या फोनवर वाजला असणार. ‘कुणालाही सांगू नका’ असं त्यात लिहिलेलं असतंच. मी फोन ठेवला.

त्या रात्री भाच्यानं पत्र लिहून घेतलं. हे खातं माझं नाही, माझा ईमेल त्यातून काढा, आणि हे पत्र मी त्याच ईमेलवरून पाठवतो आहे, हाच पुरावा. हा मुद्दा मला फार आवडला, म्हणून मी तो दोनदा लिहिला. उत्तर आलं, ‘आठ कामाच्या दिवसांत कळवू.’ मुदतीचा राहिला होता एक दिवस.

“पत्त्यात अधिकचं चिन्ह आणि पुढे mixer असं घालून बघ. जीमेल चालवून घेतं.” घातलं. ‘अवैध ईमेल.’ संकेतस्थळाला बेरीज मान्य नव्हती.

“बरं, मग टिंब दे.”

आद्याक्षरानंतर एक टिंब दिलं. जीमेल टिंब मोजत नाही, पण ही कंपनी मोजते. तिच्या लेखी मी नवाकोरा मनुष्य ठरलो. पडताळणीचा दुवा आला, तोही त्याच पेटीत, शैलजाताईंच्या दिवाळीच्या शुभेच्छांच्या डोक्यावर. दाबला. वॉरंटी वाढली तेव्हा रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झाली होती, दिवस पंधरावा. घराण्याची रीत मोडली नाही.

आठ कामाचे दिवस उलटून तीन आठवडे झाले. कंपनीकडून काल एक मेल आला, टिंब नसलेल्या पत्त्यावर. शैलजाताईंच्या मिक्सरचं भांडं बदलायला माणूस गुरुवारी १० ते १२ मध्ये येणार आहे, कृपया घरी थांबावं. त्यांना हे कळवायला माझ्याकडे फक्त ४७ आहे.