कॅशने सरासरी घटते, शेपूट तसेच राहते

"लोक दिवसभर तेच तेच शोधतात. सर्वाधिक शोधले जाणारे दहा हजार प्रश्न कॅशमध्ये टाका, ऐंशी टक्के शोध तिथेच सुटतील आणि सर्च स्लो असल्याची तक्रार कायमची संपेल. मागच्या सर्व्हरची संख्याही कमी करता येईल. बाकी सगळे ओव्हरइंजिनिअरिंग आहे."

पहिल्या वाक्यात तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला इतक्या लवकर पटतो. मोजके प्रश्न प्रचंड वेळा येतात हे खरे, पण त्यांच्यामागे एकेकदाच येणाऱ्या प्रश्नांची लांबच लांब रांग असते. रिकार्दो बाएझा-येट्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली याहूच्या ब्रिटनमधील वर्षभराच्या शोधनोंदी तपासल्या, तेव्हा एकूण शोधांपैकी ४४ टक्के शोध संपूर्ण वर्षात एकदाच आलेले निघाले. उरलेल्यांचेही प्रत्येकी पहिले येणे कॅशला चुकतेच, त्यामुळे अमर्याद मोठी कॅश ठेवली तरी उत्तर कॅशमध्येच सापडण्याचे प्रमाण, म्हणजे हिट रेट, ५० टक्क्यांच्या वर जात नव्हता. रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच पाहिलेले नसतात, असे गूगलनेही जाहीरपणे सांगितलेले आहे. हे आकडे खुल्या वेबशोधाचे आहेत. मर्यादित वस्तूंच्या दुकानात किंवा टाइप करता करता येणाऱ्या सूचनांमध्ये हिट रेट बराच वर जातो. म्हणून ऐंशी टक्क्यांवर मी वाद घालत नाही. तो आकडा मान्य करून पुढे जाऊ, कारण खरी चूक त्याच्या पुढच्या दाव्यात आहे, तक्रार कायमची संपेल या.

समजा, सेकंदाला १००० शोध येतात आणि इंडेक्स २० शार्डांत विभागलेला आहे. कॅशमध्ये न सापडलेला प्रत्येक शोध वीसही शार्डांकडे जातो आणि सर्वांत शेवटी उत्तर देणाऱ्या शार्डासाठी थांबतो. प्रत्येक शार्ड एरवी चपळ आहे. शंभरातून एखाद्या वेळीच तो ४०० मिलिसेकंदांहून अधिक घेतो. एकट्या शार्डाचा आलेख पाहिला तर तक्रारीला जागा नाही. परंतु वीसपैकी एकही शार्ड अडखळणार नाही याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ८२ टक्के. उरलेले १८ टक्के शोध ४०० मिलिसेकंदांच्या पलीकडे जातात. शार्ड जितके अधिक तितके हे प्रमाण चढत जाते; शंभर शार्डांवर ते ६३ टक्के होते.

आता यात ऐंशी टक्क्यांची कॅश घाला. हिट झालेला शोध ४ मिलिसेकंदांत सुटतो आणि मिस झालेल्याला सरासरी १२० मिलिसेकंद लागतात असे धरू. एकूण सरासरी १२० वरून २७ वर येते. हाच आलेख बैठकीत दाखवला जातो आणि सगळे समाधानाने उठतात. पण सेकंदाला जे २०० शोध कॅशमधून निसटले, त्यांतले सुमारे ३६ अजूनही ४०० च्या पलीकडेच आहेत. हजारात ३६, म्हणजे ३.६ टक्के, आणि हेच ते संथ शोधांचे शेपूट. शंभरातल्या सर्वांत संथ एका शोधाची जी सीमा आपण पी-९९ म्हणून मोजतो, ती अजून ४०० च्या वरच आहे. केवळ कॅशच्या जोरावर ती खाली आणायची, तर हिट रेट साडेचौऱ्याण्णव टक्क्यांच्या वर न्यावा लागेल. एकूण पी-९९ आता निसटलेल्या शोधांच्या पी-९५ इतका झाला आहे, एवढाच काय तो फरक.

वरच्या हिशेबात मी कॅशला झुकते माप दिले आहे, कारण संथपणाचा प्रश्नाशी संबंध नाही आणि कुठलाही शोध सारख्याच शक्यतेने अडखळतो, असे त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात काही प्रश्न स्वतःच जड असतात: सात-आठ शब्दांचे, चार फिल्टर लावलेले, चाळिसावे पान मागणारे. असे प्रश्न वारंवार येत नाहीत, म्हणून ते लोकप्रियांच्या यादीतही नसतात. संथ शोधांपैकी जेवढे या जातीचे, तेवढे सगळे कॅशबाहेर राहतात, आणि त्यांच्यापुरता पी-९९ कॅश लावल्यावरही तसूभर हलत नाही. त्यात माणूस एकच शोध करून थांबत नाही. दहा शोध करणाऱ्याला त्यांतला निदान एक संथ मिळण्याची शक्यता वरच्या आकड्यांनुसार ३१ टक्के येते. जो दुर्मिळच वस्तू शोधत आहे त्याचे दहाही शोध कॅशबाहेर पडू शकतात, आणि मग ती शक्यता ८७ टक्क्यांपर्यंत जाते. तक्रार लिहिणारा बहुधा तोच असतो.

"दहा हजार प्रश्न" हा शब्दप्रयोगही थोडा फसवा आहे. उत्तर ज्या ओळखीने कॅशमध्ये ठेवले जाते ती चावी म्हणजे प्रश्नाचा नुसता मजकूर नसतो. फिल्टर, क्रमवारी, पान, शहर आणि भाषा हे सगळे तिच्यात मिसळते, आणि एका लोकप्रिय प्रश्नाच्या पन्नास चाव्या होतात. देवनागरीत तर मजकुरापासूनच घोळ सुरू होतो. "दऱ्या" हा शब्द कुणी ऱ वापरून लिहितो, तर कुणी साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्यामुळे चाव्या दोन होतात, आणि युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. वैतागून कुणी अदृश्य जॉइनर सरसकट काढून टाकला, तर दुसऱ्या रूपाचा "दर्या" होतो आणि डोंगरदऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळतो. र, हलन्त आणि जॉइनर या तिकडीचे ऱ आणि हलन्त असे रूपांतर करणारा स्वतंत्र नियमच लिहावा लागतो.

इलास्टिकसर्च या शोधप्रणालीत कॅश मुळातच आहे, असेही या संदर्भात ऐकवले जाते. तिथली शार्डपातळीची रिक्वेस्ट कॅश सुरुवातीच्या मांडणीत फक्त `size` शून्य असलेल्या विनंत्यांचे निकाल ठेवते, म्हणजे एकूण संख्या आणि गटवार बेरजा. निकालांची यादी ती आपणहून ठेवत नाही. शिवाय ती प्रत्येक शार्डाजवळ असल्यामुळे शोध सगळ्या शार्डांकडे जातोच आणि सर्वांत मागे राहिलेल्यासाठी थांबतोच. इंडेक्स ताजा होऊन त्यात बदल दिसला की तिच्यातील नोंदी बाद होतात. तिचा उपयोग किती होतो आहे, हे एका ओळीत कळते:

```
GET /_stats/request_cache
```

उत्तरातील `hit_count` आणि `miss_count` यांची तुलना केली की बरेच गैरसमज आपोआप गळतात.

सर्व्हर कमी करण्याचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. कॅशचा खरा लाभ मागच्या यंत्रांवरील भार घटण्यात आहे. रांगा लहान होतात, आणि अडखळण्याचे कारण रांग हेच असेल तर शेपूटही थोडे आखडते. तो लाभ यंत्रे काढून परत केला, तर शेपूट पूर्ववत होते आणि वर नवा धोका येतो. ऐंशी टक्के हिट रेट असताना मागे सेकंदाला २०० शोध जातात. निकालांचा क्रम लावण्याचे सूत्र बदलले, चावीची आवृत्ती वाढवली आणि कॅश रिकामी झाली, की त्याच यंत्रांवर १००० येतात, पाचपट. कॅश पूर्ण रिकामी होण्याचीही गरज नाही: हिट रेट ८० वरून ६० वर घसरला तरी भार दुप्पट होतो.

याचेच छोटे रूप रोज घडते. एक लोकप्रिय प्रश्न सेकंदाला २०० वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर काढायला ३०० मिलिसेकंद लागतात, असे समजा. त्या उत्तराची कॅशमधील मुदत संपली की नवे उत्तर येईपर्यंतच्या अवधीत ६० जण तोच प्रश्न घेऊन मागे धावतात आणि २० शार्डांवर १२०० कामे पडतात, सगळी एकाच उत्तरासाठी. त्या झुंबडीत सापडलेल्या दुर्मिळ शोधांचे हाल होतात, म्हणजे कॅश स्वतःच शेपूट लांबवते. उपाय जुने आणि सोपे आहेत. एका चावीसाठी एकाच वेळी एकच विनंती मागे सोडावी आणि बाकीच्यांनी तिच्या उत्तराची वाट पाहावी. मुदतींमध्ये थोडा यादृच्छिक फरक ठेवावा. उत्तरात किंमत किंवा शिल्लक साठा यांसारखी माहिती नसेल, तर नवे उत्तर तयार होईपर्यंत शिळे देत राहावे.

उरला ओव्हरइंजिनिअरिंगचा आरोप. कॅशबाहेरच्या शोधांना वेगवान करायचे तर आधी ते का अडखळतात हे पाहावे लागते, आणि त्यासाठी हिट व मिस यांचे आलेख वेगळे काढावे लागतात. मग एक संथ शोध उचलून प्रत्येक शार्डाने घेतलेला वेळ पाहावा. एकोणीस शार्ड २० मिलिसेकंदांत परतले आणि एकाने ४५० घेतले, तर प्रश्न बहुधा निर्दोष आहे. त्या यंत्रावर त्या क्षणी गार्बेज कलेक्शन, सेगमेंटांचे एकत्रीकरण किंवा डिस्कवरून वाचन चालू असावे. सगळ्याच शार्डांना वेळ लागला असेल, तर प्रश्नच जड आहे.

पहिल्या प्रकारावरचा उपाय म्हणजे दुबार विनंती: ठरावीक वेळेत शार्डाचे उत्तर आले नाही, तर तीच विनंती त्याच्या दुसऱ्या प्रतीकडेही पाठवायची आणि जे आधी येईल ते घ्यायचे. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी २०१३ साली बिगटेबल या गूगलच्या डेटाबेसवरील एका चाचणीचे आकडे दिले होते. १०० सर्व्हरांवर पसरलेल्या १००० नोंदी वाचताना १० मिलिसेकंदांनंतर दुबार विनंती सोडल्यावर पी-९९.९ हा १८०० मिलिसेकंदांवरून ७४ वर आला, आणि त्यासाठी विनंत्या फक्त २ टक्क्यांनी वाढल्या. ऐंशी टक्क्यांच्या कॅशला जे जमत नाही ते इथे दोन टक्के जादा कामात झाले. इलास्टिकसर्च ७.० पासून सुरुवातीलाच चालू असलेली प्रत-निवड अलीकडे संथ वागलेला नोड टाळते, पण ती दुसरी विनंती पाठवत नाही. ते काम वरच्या थरात स्वतः करावे लागते.

दुसऱ्या प्रकारावर मात्र दुबार विनंती उलटते. जड प्रश्न दुसऱ्या प्रतीवरही जडच असतो, त्यामुळे तेच ओझे दोनदा उचलले जाते आणि भार वाढल्यावर आणखी शोध वेळेची सीमा ओलांडून स्वतःही दुबार होतात. म्हणून दुबार विनंत्यांवर एकूण विनंत्यांच्या काही टक्क्यांची कमाल मर्यादा घालावी, तीही पहिल्याच दिवशी. जड प्रश्नांसाठी पानांची खोली मर्यादित करणे, किंवा वेळ संपताच परतलेल्या शार्डांचेच निकाल दाखवणे, हे मार्ग आहेत. असे अपुरे निकाल कॅशमध्ये मात्र ठेवू नयेत, नाहीतर एका शार्डाचा अर्ध्या सेकंदाचा खोळंबा मुदत संपेपर्यंत सगळ्यांना दिसत राहतो.