लोडरचा पंप बदलायच्या आधी हे वाचा

"गिअर पंप जुनाट झाला. पिस्टन पंप बसवा, निम्मं डिझेल वाचतंय आणि लोडरची ताकद दुप्पट. पिस्टन परवडत नसेल तर व्हेन बसवा, आवाजच नाही."

हा मेसेज माझ्या चुलतभावाला आला. ट्रॅक्टरवरचा ऊस लोडर आहे त्याचा, आणि गडी लगेच शिरोलीत जाऊन पिस्टन पंपाचा भाव काढून आला. म्हणून लिहितोय.

डिझेलचं आधी बघू. बार गुणिले मिनिटाला किती लिटर, भागिले 600, की किलोवॅट येतात. 150 बारला 40 लिटर म्हणजे 10 किलोवॅट. चांगल्या गिअर पंपाची एफिशियन्सी 85 टक्के धरली तर इंजिनाकडनं 11.8 किलोवॅट लागतात, पिस्टनची 91 धरली तर 11. फरक सात टक्क्यांच्या आसपास, तोही लोडवर असताना. निम्मं कुठनं आणलं?

आता अर्धं खरं आहे ते मान्य करतो. व्हेरिएबल पिस्टन पंप गरज नसली की तेल कमी करतो, पोकलेनमध्ये त्याचा खरंच फायदा होतो. पण तिथं व्हॉल्व्हपण तसाच असतो, क्लोज सेंटर, लोड सेन्सिंगची लाइन ओढलेला. आपल्या लोडरवर साधा ओपन सेंटर व्हॉल्व्ह आहे, लिव्हर न्यूट्रलला आला की तेल मोकळं टाकीत जातं, प्रेशर चढतच नाही, आणि नुसत्या प्रेशर कॉम्पेन्सेटरवरचा पंप तर प्रेशर चढल्याशिवाय तेल कमी करत नाही, म्हणजे तो फुल स्ट्रोकवर फिरतच राहणार. तीन-चार पट पैसे घालून गिअर पंपाचंच काम करून घ्यायचं! शिवाय पिस्टनला केस ड्रेनची वेगळी पाइप थेट टाकीत सोडावी लागते. फिटरनं ती रिटर्न लाइनला टी मारून जोडली की केसमध्ये प्रेशर साचतं आणि शाफ्ट सील जातं. त्यात उसाच्या फडातली धूळ, गिअर पंप ती थोडीफार सोसतो, पिस्टनच्या व्हॉल्व्ह प्लेटवर लगेच चरे पडतात.

ताकदीचं म्हणाल तर सिलेंडरचा जोर प्रेशर आणि बोअरवर, आणि प्रेशरची हद्द रिलीफ व्हॉल्व्हवर. रिलीफ 175 ला असेल तर कुठलाही पंप लावा, ग्रॅब तेवढंच उचलणार. आणि पिस्टन सोसतो म्हणून कुणी रिलीफ 280 ला पिळला तर होज फुटणार, बूमच्या वेल्डिंगला तडे जाणार. होज फुटली की बूम खाली, आणि खाली तोडणीवाली माणसं उभी असतात ओ!

व्हेन शांत असतो, खरं आहे. वर्कशॉपमधल्या प्रेसला लावा खुशाल. पण सक्शनला जरा हवा ओढली किंवा तेलात कचरा आला की व्हेन खाचेत अडकतात, रिंग खराब होते.

लोडर सकाळी बरा चालतोय आणि तेल तापल्यावर मंद पडतोय, असं असेल तर आत गळती आहे. सिलेंडर पूर्ण बाहेर काढून थांबवा, इंजिन बंद करा, रॉडच्या बाजूची होज काढून त्या होजला प्लग मारा, सिलेंडरचा पोर्ट मोकळा ठेवा, मग इंजिन चालू करून सिलेंडर बाहेर काढायच्याच दिशेनं हळू प्रेशर द्या. मोकळ्या पोर्टातनं तेल येत राहिलं तर सील गेलंय, त्याला सील किट पुरे. येत नसेल तर मग पंपाकडं बघा, आणि तिथंही त्याच साइजचा नवा गिअर पंपच घाला.