मॅक्युलाची झीज आणि डोळ्यातील इंजेक्शन: एका संदेशाचा प्रतिवाद

"वयामुळे मॅक्युला झिजला की उपाय नसतो. तक्त्यावरच्या रेषा सरळ दिसल्या म्हणजे डोळे ठीक आहेत. डोळ्यात इंजेक्शन घेतले की नजर जाते, आणि एकदा घेतले की त्याची कायमची सवय लागते."

पहिले विधान अर्धेच खरे आहे. मॅक्युला म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याचा, दृष्टिपटलाचा, मधला भाग; त्याच्या झिजेचे कोरडा आणि ओला असे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात दृष्टिपटलाखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर साठे जमतात आणि मध्यभागाच्या पेशी वर्षानुवर्षे हळूहळू विरळ होतात. गेलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही. ओल्या प्रकारात मात्र तेथे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून द्रव आणि रक्त झिरपते आणि वाचण्याची नजर काही आठवड्यांतच जाऊ शकते. इंजेक्शनचा उपचार या प्रकारावर आहे. कोरडा प्रकार पुढे ओला होऊ शकतो, म्हणून एकदा झालेले निदान कायमचे धरून चालत नाही.

संदेशातला तक्ता म्हणजे मध्ये ठिपका असलेली उभ्या-आडव्या रेषांची चौकट; तो फसवतो तेव्हा दोष बहुधा पाहण्याच्या पद्धतीत असतो. समजा, सत्तरीतल्या एका आजींच्या डाव्या डोळ्यात नुकताच द्रव झिरपू लागला आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या तक्ता पाहतात, तेव्हा उजवा डोळा उणीव भरून काढतो आणि रेषा सरळच दिसतात. वाचनाचा चष्मा लावून, तक्ता सुमारे ३० सेंटिमीटरवर धरून, उजवा डोळा झाकून मधल्या ठिपक्यावर नजर स्थिर ठेवली, तर त्याच रेषा वाकड्या किंवा मध्ये पुसल्यासारख्या दिसू शकतात. असा बदल नव्याने दिसला तर दृष्टिपटलतज्ज्ञाकडे काही दिवसांतच जावे. उलट, रेषा सरळ दिसल्या तरी आजार नाही असे सिद्ध होत नाही, कारण रिकामी जागा मेंदू भरून काढतो; द्रव आहे की नाही हे दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र घेणारी ओसीटी तपासणीच दाखवते.

इंजेक्शनाविषयीची भीती समजण्यासारखी आहे, पण आकडे वेगळे सांगतात. ओल्या प्रकाराच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मरीना चाचणीत, रॅनिबिझुमॅब या औषधाचे इंजेक्शन दरमहा घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर वर्षाअखेर मोठ्या प्रमाणात घटली नव्हती. नुसता इंजेक्शनचा देखावा केलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. "इंजेक्शनानंतर नजर गेली" असे सांगितले जाते तेव्हा, बऱ्याचदा तोवर मध्यभागी व्रण तयार झालेला असतो, आणि व्रणावर हे औषध चालत नाही.

'सवय' म्हणतात ती औषधाची नसून आजाराची असते. औषध रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन अडवते, मात्र काही आठवड्यांत त्याचा परिणाम ओसरतो. म्हणून सहसा पहिली तीन इंजेक्शने महिन्याच्या अंतराने देतात आणि दृष्टिपटलात द्रव पुन्हा साचला नाही तर अंतर हळूहळू वाढवतात. मध्येच थांबले की बहुधा द्रव परततो.

जंतुसंसर्गाचा धोका खरा आहे, पण असा संसर्ग हजारो इंजेक्शनांमागे एखाद्यास होतो. टोचल्या जागी डोळा लाल दिसणे किंवा थोडे खुपणे नेहमीचे आहे. त्यानंतरच्या दिवसांत वेदना व लाली वाढत जाऊन नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.