मालमत्तेचा हक्क, पर्याय क्रमांक ३ आणि एक प्रतिक्रिया

‘सर, पुस्तकात स्पष्ट छापलंय की मालमत्तेचा हक्क आता कायदेशीर हक्क आहे, आणि मुलं तेच शिकतात. मग परीक्षा मंडळाला पत्र पाठवणं म्हणजे नुसतं विद्वत्तेचं प्रदर्शन. एवढं लांबलचक पत्र तिथे वाचणार कोण? आणि एका गुणापायी सगळ्यांचा निकाल रखडला तर त्याला जबाबदार कोण?’

नमस्कार. मालमत्तेच्या हक्कावरच्या एका प्रश्नाच्या उत्तरतालिकेवर हरकत घेणारं पत्र मी परीक्षा मंडळाला पाठवलं, त्यावरची तुमची ही प्रतिक्रिया वाचली.

मतभेद जरूर असावेत. पण माझं म्हणणं तपासण्याआधीच माझा हेतू तुम्हाला कळला, याचं मला नवल वाटतं. ही सिद्धी मला अजून लाभलेली नाही. ज्या मुलीमुळे मी ते पत्र लिहिलं, तिने पर्याय ३ निवडला होता. प्राथमिक उत्तरतालिका लागल्यावर तिने मला विचारलं, ‘सर, हा हक्क संविधानातच लिहिलेला आहे ना? मग तो घटनात्मक कसा नाही?’ ‘पुस्तकात तसं छापलंय म्हणून’ एवढं सांगून तिला वाटेला लावणं मला जमलं नाही. तुम्हाला जमलं असतं असं दिसतं.

पत्र लांबलं, हे मात्र मान्य. दुसरं पान निम्मं करता आलं असतं.

ज्यांनी पत्र वाचलेलं नाही (आणि माझा अंदाज आहे की त्यात तुम्हीही आहात) त्यांच्यासाठी प्रश्न असा होता : भारतात मालमत्तेचा हक्क सध्या कोणत्या स्वरूपाचा आहे? पर्याय : १) मूलभूत, २) कायदेशीर, ३) घटनात्मक, ४) नैसर्गिक. उत्तरतालिकेत फक्त २. आता पत्राचा तिसरा परिच्छेद पाहा. पर्याय २ चूक आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पर्याय ३ सुद्धा बरोबर आहे आणि तो निवडणाऱ्यांनाही गुण द्यावेत, एवढंच मागितलंय. तुम्ही मला ज्या मुद्द्यावर खोडून काढलंत, तो मुद्दा मी मांडलेलाच नाही.

आता तुमच्या ‘पुस्तकात छापलंय’बद्दल. पुस्तकांत हे आलं कुठून, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला का? १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(१)(फ) आणि ३१ काढून टाकले. त्याबरोबर मालमत्ता मूलभूत हक्कांच्या यादीतून गेली. २० जून १९७९ पासून हा बदल लागू झाला. त्या विधेयकासोबत जे उद्देशांचं निवेदन जोडलेलं होतं, त्यात म्हटलं होतं की मालमत्ता मूलभूत हक्क राहणार नाही, पण तिला कायदेशीर हक्क म्हणून मान्यता दिली जाईल. पिढ्यान्‌पिढ्या गाइडं आणि नोट्स हेच वाक्य उतरवत आल्या आहेत. पण उद्देशांचं निवेदन हे संविधान नव्हे. त्याच दुरुस्तीने संविधानात प्रत्यक्ष काय घातलं? अनुच्छेद ३००-अ. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणत्याही व्यक्तीची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. निवेदन वाचायचं आणि अनुच्छेद वाचायचा नाही, याला मी अभ्यास म्हणत नाही.

वर्गात मी याची एक साधी कसोटी देतो : हा हक्क नाहीसा करायचा असेल तर काय करावं लागेल? भूसंपादनात मोबदला किती मिळणार, हे २०१३ च्या कायद्याने ठरतं. तो हक्क निव्वळ कायद्याने दिलेला आहे. उद्या संसदेने साध्या बहुमताने कायदा बदलला तर त्याचं स्वरूप बदलेल. ३००-अ मात्र साध्या कायद्याने पुसता येत नाही. त्यासाठी अनुच्छेद ३६८ खाली घटनादुरुस्तीच करावी लागते. मग जो हक्क काढायला घटना दुरुस्त करावी लागते, तो घटनात्मक नाही हे मंडळाच्या तज्ज्ञांनी कशाच्या आधारावर ठरवलं? तो मूलभूत मात्र नाही, म्हणून त्याच्यासाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचं दार उघडं असतं. मुलं गोंधळतात ती इथे. ‘मूलभूत नाही’ म्हटलं की ‘घटनेत नाही’ असं त्यांना वाटतं, आणि तालिकेतलं एकच उत्तर तो गोंधळ आणखी पक्का करतं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पत्राला मी ‘विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य’ या २०२०च्या निकालाची प्रत जोडली आहे. एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली गेली, रीतसर संपादन न करता, मोबदला न देता. पुढे न्यायालयात सरकारने सांगितलं की इतकी वर्षं ताबा आमचा आहे, म्हणून जमीन आमची. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही, आणि ३००-अ खालचा हा हक्क घटनात्मक असल्याचं नमूद केलं. तुमच्या पुस्तकातली ओळ आणि न्यायालयाचा निकाल यांत जर एकच निवडायचं असेल, तर राज्यशास्त्राच्या पेपरात मी दुसरं निवडेन. पण इथे तर निवडायचीही गरज नाही. घटनात्मक हक्क हा कायद्याने मान्य केलेला हक्कच असतो, त्यामुळे २ आणि ३ एकमेकांना छेद देत नाहीत. एकच उत्तर असलेल्या प्रश्नात असे दोन पर्याय शेजारीशेजारी ठेवले, दोष तिथे आहे. ‘सर्वांत योग्य पर्याय निवडा’ या सूचनेचा आधार घेतला, तर अधिक नेमका पर्याय ३ ठरतो, आणि मग तालिका उलटीच पडते.

मी स्वतः प्रश्नपत्रिका काढलेल्या आहेत, दुसऱ्यांच्या तपासलेल्याही आहेत. एका समितीत ‘हा पर्याय दुसऱ्यात सामावतो’ असं म्हणून मी एक प्रश्न अडवला, तेव्हा मला ऐकवलं गेलं की मुलं इतका विचार करत नाहीत. तो प्रश्न तसाच छापला गेला. तुमची प्रतिक्रिया वाचून तो सूर आठवला, म्हणून कदाचित मी जरा जास्त तिखट लिहितोय. असो.

तुम्ही मांडला नाहीत, पण मांडायला हवा होता असा एक मुद्दा आहे. १९८३च्या कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उत्तरतालिका बरोबरच आहे असं गृहीत धरावं. ती स्पष्टपणे चूक असल्याचं दाखवून द्यावं लागतं, ओढूनताणून काढलेला तर्क चालत नाही. ही अट कडक आहे. म्हणूनच मी पत्रात तर्क कमी आणि अनुच्छेद, निकाल, परिच्छेद क्रमांक जास्त दिले. तेच तुम्हाला लांबलचक वाटलं! त्याच खटल्यात पाठ्यपुस्तकंही पुढे आली होती, पण ती तालिकेच्या नव्हे, मुलांच्या बाजूने. न्यायालयाने असंही सांगितलं की संदिग्ध प्रश्न वेळेत वगळावा, त्याला गुण ठेवू नयेत. मी वगळायला सांगितलं नाही. कारण प्रश्न वगळला तर २ आणि ३ निवडणारे आणि ‘मूलभूत’ वर खूण करणारे सगळे एकाच रांगेत येतात. दोन्ही पर्याय मान्य केले, तर ज्याला काहीच माहीत नव्हतं तोच तेवढा मागे राहतो.

निकाल रखडेल म्हणता. हरकतींची मुदत मंडळानेच दिली आहे, मी त्या मुदतीत पत्र दिलं. पत्र कोण वाचणार, ते मंडळ बघेल.

पर्याय ३ चूक आहे असं सांगणारा एखादा अनुच्छेद किंवा निकाल तुमच्याकडे असेल तर परिच्छेद क्रमांकासह पाठवा, मी हरकत मागे घेईन. पुस्तकाचं पान पाठवू नका, ते माझ्याकडे आहे.