गादी चार इंचांनी जाड झाली, त्याची गोष्ट

माझं स्पष्ट मत आहे की बेडरूमचा तोल भिंतीचा रंग बिघडवत नाही, नवी गादी बिघडवते. सहा इंची गादी जाऊन दहा इंची येते, कंबर खूश होते, आणि दोन दिवसांनी कुणीतरी म्हणतं, "खोली जरा विचित्र दिसतेय का रे?"

दिसणारच! पलंगाची फळी १४ इंचांवर आणि त्यावर ६ इंची गादी, म्हणजे झोपायची पातळी २० इंच होती. साइड टेबलंही २० इंचांची, त्यामुळे चष्मा ठेवायला हात सरळ जायचा. आता पातळी झाली २४. टेबल चार इंच खाली गेलं आणि पाण्याचा ग्लास अंधारात चाचपडून शोधायचा. एक-दोन इंचांचा फरक चालतो. चार इंच म्हणजे विहिरीत डोकावणं.

हेडबोर्ड जमिनीपासून ४४ इंच. आधी त्यातले २४ इंच गादीच्या वर दिसायचे, आता २० उरले. उशी उभी टेकवली की तीच १७-१८ इंच खाते. एवढं हौसेनं केलेलं हेडबोर्ड दोन बोटांच्या पट्टीएवढं दिसतं.

लॅम्पची तर वेगळीच कहाणी. शेडची खालची कड टेबलापासून १८ इंचांवर होती. बसून वाचताना ती साधारण हनुवटीशी यायची. उजेड पुस्तकावर आणि बल्ब डोळ्यांआड. आता ती कड गादीपासून १४ इंचांवर आली, त्यामुळे आपलं कोपर झगमगतं आणि पुस्तक अंधारात. यावर लोक उंच लॅम्प आणतात. मग वाचायला उजेड मिळतो, पण टेबल खालीच राहतं. इलाज टेबलाखाली आहे: पायांना चार इंचांची जोड द्या किंवा खाली तेवढीच लाकडी चौकट बसवा. टेबल आणि लॅम्प एकदमच वर येतात. चौकट मात्र टेबलाच्या बुडाइतकीच रुंद हवी. लहान असली तर ड्रॉवर ओढताच टेबल पुढे झुकतं.

हेडबोर्ड भिंतीला टांगलेलं असेल तर सरळ चार इंच वर घ्या. खाली पडलेली फट जाड गादी झाकते; तिचा एवढा तरी उपयोग! पलंगालाच बोल्टनं जोडलेलं असेल तर पायांत नवी भोकं पाडावी लागतात, आणि तिथे सुताराशी वाद घालू नये.

राहिला प्रश्न कपाटामुळे एका बाजूला १४ इंच रुंद आणि दुसऱ्या बाजूला २० इंच रुंद टेबल मावण्याचा. बिनधास्त ठेवा. फक्त दोन्ही टेबलांची उंची आणि लॅम्प सारखेच हवेत, आणि शेड लहान टेबलाच्या मापाची, साधारण दहा इंची. रुंदीतला सहा इंचांचा फरक पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. एक शेड इंचभर वर असली, तर मात्र दारातूनच दिसते.

टेप लावताना गादीवर बसूनच लावा. रिकाम्या गादीचं माप घेतलं, तर बसल्यावर ती इंच-दोन इंच दबते आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.