एका पेपरवरून पुढे-मागे जाताना एकाच कंपूत अडकायला होतं का?

एक पेपर घेऊन त्याच्या संदर्भयादीतून मागे, आणि त्याला नंतर सायटेशन देणाऱ्या पेपरांतून, म्हणजे गूगल स्कॉलरच्या 'Cited by'मधून, पुढे जात विषयाचं साहित्य शोधा, असं मी सुचवलं होतं. त्यावरची एक प्रतिक्रिया: "एका पेपरच्या संदर्भांमागे धावलं की त्याच कंपूतली माणसं भेटत राहतात. सगळे एकमेकांनाच सायटेशन देतात, विरोधी मत दिसतच नाही. शिवाय 'Cited by'वर क्लिक केलं की हजारो निकाल. त्यापेक्षा डेटाबेसमध्ये नीट कीवर्ड टाकून शोधलेलं काय वाईट? ही पद्धत तुम्ही गरजेपेक्षा मोठी करून सांगता आहात."

तुमचा पहिला आक्षेप खरा आहे, आणि त्याला आकड्यांचा आधारही आहे. २००९ साली स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी स्नायूंच्या एका आजाराबद्दलच्या एकाच दाव्याचा माग काढला. त्यासाठी २४२ पेपर आणि त्यांच्यातली ६७५ सायटेशन्स तपासली. मूळ प्रयोगांचे दहा पेपर होते. या दहांना मिळालेल्या सायटेशन्सपैकी ९४ टक्के दाव्याला दुजोरा देणाऱ्या चार पेपरांकडे गेली होती आणि विरोधात जाणाऱ्या सहांच्या वाट्याला उरलेली ६ टक्के. म्हणजे अशा विषयात कोणताही पेपर उघडून त्याच्या संदर्भयादीतून मागे गेलात, तर विरोधक जवळपास दिसणारच नाहीत.

पण हे लागू होतं फक्त मागे जाण्याला. समर्थकाला विरोधकाचं नाव गाळता येतं, विरोधकाला मात्र ज्याचं खंडन करायचं त्याचा उल्लेख करावाच लागतो. म्हणून विरोध शोधायचा तर मूळ दाव्याच्या पेपरवरून पुढे जायचं, म्हणजे त्याला नंतर कोणी कोणी सायटेशन दिलं ते पाहायचं. मागची दिशा तुम्हाला लेखकाच्या निवडीतून दाखवते. पुढच्या दिशेवर लेखकाचा ताबा नसतो.

कीवर्डचं काय होतं ते एका उदाहरणावर बघू. जठरातल्या जिवाणूंवरचा बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांचा 'लॅन्सेट'मधला १९८४चा पेपर घ्या. आज त्या जिवाणूला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात, पण हे नाव १९८९चं. त्याआधी तो कॅम्पिलोबॅक्टर पायलोरिडिस होता, मग कॅम्पिलोबॅक्टर पायलोरी झाला. १९८४च्या शीर्षकात तर नुसतं `Unidentified curved bacilli` आहे, म्हणजे ओळख न पटलेले वाकडे जिवाणू. आजचं नाव टाकून शीर्षकांत शोधणाऱ्याला हा पाया रचणारा पेपरच मिळणार नाही. सायटेशनचा धागा मात्र नाव बदललं म्हणून तुटत नाही.

या विषयाच्या संदर्भयाद्यांतून मागे जात राहिलं की दोन जुने पेपर भेटतात. १९४०चा फ्रीडबर्ग आणि बॅरन यांचा पेपर सांगतो, माणसाच्या जठरात असे जिवाणू दिसतात. १९५४चा पामर यांचा सांगतो, हजाराहून अधिक रुग्णांचे नमुने पाहिले, काही आढळलं नाही. हे दोन्ही पेपर शेजारी ठेवून त्यांच्या पद्धतीचा भाग वाचा. पहिल्यात चांदीचा रंग वापरला होता, दुसऱ्यात नेहमीचा हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, ज्यात हे जिवाणू सहज नजरेतून सुटतात. एवढ्या फरकाने हा विषय कितीतरी वर्षं मागे पडला. हा दुवा कुठल्याही कीवर्डने हाती लागत नाही.

तिसरा आहे स्टीअर आणि कॉलिन-जोन्स यांचा १९७५चा. त्यांना अल्सरच्या रुग्णांच्या जठरात जिवाणू दिसले होते, पण शीर्षकात आहेत अस्तरातले बदल आणि कार्बेनॉक्सोलोन नावाचं औषध. जिवाणूंचा उल्लेखच नाही. असा पेपर सापडतो तो त्याला कोणीतरी सायटेशन दिलेलं असतं म्हणून.

आता कंपूतून बाहेर कसं पडायचं. सरळ पुढे किंवा सरळ मागे न जाता नागमोडी जा. एक पायरी मागे गेलात की तिथला एखादा जुना, मध्यम प्रसिद्ध पेपर निवडा आणि त्याच्यावरून पुढे या. त्याच पेपरवरून निघालेले, पण एकमेकांची दखल न घेणारे गट भावंडांसारखे समोर येतात. इथे निवड चुकली तर सगळंच फसतं. संख्याशास्त्राच्या चाचणीचा किंवा रंग देण्याच्या सर्वसाधारण पद्धतीचा पेपर घेतलात, तर पुढे येणाऱ्यांचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नसतो. खूण सोपी आहे. पुढच्या यादीतली पहिली वीस शीर्षकं वाचा. पाचसुद्धा विषयातली नसतील, तर तो पेपर सोडा.

हजारो निकालांचं म्हणाल तर ते सगळे वाचायचेच नसतात. गूगल स्कॉलरमध्ये `Cited by` उघडल्यावर `Search within citing articles` ही चौकट दिसते. तिच्यावर टिचकी मारून प्रश्नातला एखादा शब्द टाका. विरोध हवा असेल तर `failed`, `no association`, `contrary` असे शब्द वेगवेगळे टाकून बघा. एक मर्यादा लक्षात ठेवा: निकाल कितीही असले तरी तिथे पहिले हजारच दिसतात. म्हणून फार गाजलेल्या पेपरच्या यादीचे वर्षांनुसार तुकडे करा, दोन-तीन वर्षांचा एकेक. आढावा घेणारे पेपर आधी उचला. त्यांच्या संदर्भयादीतून मागे गेलं की पुढचे कष्ट बरेच वाचतात.

मागे जाताना संदर्भयादी वरून खाली वाचू नका. मजकुरात तो आकडा कुठल्या वाक्यावर आहे ते बघा. प्रस्तावनेत एकाच कंसात सहा आकडे असतील तर ते बहुधा शिष्टाचाराचे असतात. 'अमक्याच्या पद्धतीने' किंवा 'अमक्याच्या निष्कर्षाउलट' अशा वाक्यावरचा एकटा आकडा उचलण्याजोगा. आणि उचललेला पेपर उघडून बघाच, कारण ज्या वाक्यासाठी त्याचा आधार दिलेला असतो ते त्यात कधीकधी नसतंच.

सोबत एक तक्ता ठेवा: पेपर, वर्ष, कुठून आला, कुठल्या दिशेने, का ठेवला. 'कुठून आला' हा रकाना सगळ्यात कामाचा. महिन्याभराने त्यात नव्वद टक्के ठिकाणी एकच मूळ पेपर दिसला, तर तुम्ही कंपूतच फिरत आहात. नवीन फेरीत कामाचा एकही पेपर येईनासा झाला की थांबा.

थांबल्यावर कीवर्ड वापरा, आणि इथे मी तुमच्याशी सहमत आहे. गोळा झालेल्या पेपरांतून विषयाची सगळी जुनी-नवी नावं आता तुमच्याकडे असतात. ती टाकून डेटाबेसमध्ये शोधा आणि कामाचे पहिले दहा पेपर घ्या. त्यांतले आठ-नऊ तक्त्यात आधीच असतील तर नकाशा बऱ्यापैकी भरला आहे. नसलेल्यांच्या संदर्भयाद्या उघडा. त्या एकमेकांकडे बोट दाखवत असतील आणि तुमच्या एकाही पेपरकडे नाही, तर ते वेगळं बेट आहे, आणि तिथला एक पेपर घेऊन सुरुवात पुन्हा करावी लागते. गेल्या वर्ष-दीड वर्षातले पेपरही याच शोधात मिळतात. त्यांना अजून फारसं कोणी सायटेशन दिलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या दिशेने ते एखाद्या जुन्या पेपरच्या यादीत आले तरच दिसतात.