धुराच्या थरांचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: पारदर्शक धुराचे थर त्याच पिक्सेलवर पुन्हा पुन्हा रंगवले जातात, हा ओव्हरड्रॉ मोबाइल गेमला मंदावतो, असा तुमचा लेख वाचून धुराचे ४० कण २० केले. धूर विरळ दिसू नये म्हणून प्रत्येक कणाची बाजू ४०० पिक्सेलवरून ५६० केली. फोन स्वस्तातला, ७२० × १६०० चा. आधी ३० एफपीएस, नंतरही ३०. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ओव्हरड्रॉचं सेटिंग लावलं तर गेमवर रंगाचा ठिपकाही नाही. म्हणजे दोष ड्रॉ कॉल्सचा, सीपीयू जीपीयूला चित्र काढायचे जे हुकूम देतो त्यांचा आहे. उगाच लोकांना कामाला लावू नका.

उत्तर: आधी माझी चूक कबूल करतो. लेखात मी ‘कण कमी करा’ असं लिहिलं, ते ढिलं होतं. जीपीयू प्रत्येक कणाने झाकलेल्या पिक्सेलांवर राबतो, कण किती आहेत याचं त्याला फारसं काही नसतं. तुमचेच आकडे घ्या. ४०० × ४०० चे ४० चौकोन म्हणजे ६४ लाख पिक्सेल. ५६० × ५६० चे २० म्हणजे ६२.७ लाख. तुमचा अख्खा स्क्रीन ११.५ लाखांचा, म्हणजे आधी सरासरी साडेपाच थर आणि नंतरही जवळजवळ तेवढेच. बाजू १.४ पट केली की क्षेत्रफळ दुप्पट होतं, तिथे सगळी बचत गेली.

भिंत आधी काढली असेल तर तिच्यामागची अपारदर्शक वस्तू डेप्थ टेस्टमध्ये, म्हणजे कोण पुढे कोण मागे या तपासणीत गळते, तिचा शेडर, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम, चालतच नाही. धुराच्या एकमेकांमागच्या थरांना ही सवलत नाही. मागचा थर पुढच्यात मिसळायचा असल्याने प्रत्येक थरासाठी शेडर चालतो आणि टेक्श्चर वाचलं जातं, अल्फा शून्य असला तरी. (शेडरमध्ये `discard` टाकूनही हे वाचत नाही. अल्फा कळेपर्यंत टेक्श्चर वाचून झालेलं असतं.)

ते `Debug GPU overdraw` सेटिंग अँड्रॉइडच्या स्वतःच्या यूआयचे थर मोजतं. गेम इंजिन स्वतःच्या सरफेसवर चित्र काढतं, तिथे ते पोचत नाही. मोजणी आपणच करायची. अपारदर्शक वस्तू फक्त डेप्थमध्ये काढा, रंग काळा ठेवा. मग धूर `glBlendFunc(GL_ONE, GL_ONE)` लावून या शेडरने काढा:

```glsl
precision mediump float;
void main() {
    gl_FragColor = vec4(8.0 / 255.0, 0.0, 0.0, 1.0);
}
```

प्रत्येक थराला लाल रंग ८ ने वाढतो. `glReadPixels` ने एक फ्रेम वाचून लालची किंमत ८ ने भागली की त्या पिक्सेलवरचे थर मिळतात. ३१ थरांपुढे रंग भरून जातो, तेव्हा पायरी ८ ऐवजी ४ करा आणि ४ ने भागा. सरासरीवर मात्र विसंबू नका. धूर एका कोपऱ्यात दाटला असेल तर तिथे वीस थर आणि बाकी स्क्रीन रिकामा असू शकतो, ते लाल चित्रातच दिसतं.

आता ड्रॉ कॉल्सचा संशय. कण तेवढेच ठेवा आणि फक्त त्यांची बाजू दहावा हिस्सा करा. ड्रॉ कॉल्स तेच, सीपीयूचं काम तेच, पिक्सेल शंभरावा हिस्सा. फ्रेमचा वेळ तरीही हलला नाही तर दोष धुराच्या पिक्सेलांचा नाही, मी हरलो. पण फ्रेमच्या कामाचा वेळ मिलिसेकंदात बघा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर व्हीसिंक चालू असताना १७ ते ३३ मिलिसेकंदांमधली कुठलीही फ्रेम सहसा ३० एफपीएसच दाखवते. २९ मिलिसेकंदांचे २० झाले तरी एफपीएसचा काटा जागचा हलत नाही. फोन माली जीपीयूचा असेल तर आर्मच्या Streamline मध्ये जीपीयूचं काम वेगळं दिसतं. फोन तापल्यावर जीपीयूचं घड्याळ मंदावतं, म्हणून दोन्ही चाचण्या फोन थंड असताना करा.

कपात करताना पहिला हात टेक्श्चरच्या रिकाम्या कडांना घाला. समजा धुराचा गोळा चौकोनाच्या मधल्या ७० टक्के रुंदीतच आहे. त्याच्याभोवती घट्ट अष्टकोन काढला तर क्षेत्रफळ मूळच्या सुमारे ४१ टक्के उरतं. तुमचे ६२.७ लाख पिक्सेल सुमारे साडेपंचवीस लाखांवर येतात आणि दिसण्यात फरक शून्य, कारण कापलेला भाग दिसतच नव्हता. कणामागे चार शिरोबिंदू वाढले, वीस कणांना ते किरकोळ आहे.

तेवढ्याने भागलं नाही तर धूर अर्ध्या रेझोल्यूशनच्या वेगळ्या टार्गेटवर काढा, पिक्सेल आणखी चौथाई होतात. इथे एक खाच आहे. मोबाइल जीपीयू स्क्रीनचे तुकडे करून चिपवरच्या मेमरीत रंगवतो. मुख्य पास, म्हणजे चित्र काढायची मुख्य फेरी, मध्येच तोडलात तर ७२० × १६०० चा रंगाचा बफर, साडेचार एमबी, बाहेर लिहून पुन्हा आत आणावा लागतो, डेप्थचा वेगळाच. मग वाचवलेलं तिथेच खर्ची पडू शकतं. धुरासमोर झाकणारं काही नसेल तर त्याचा पास मुख्य पासच्या आधीच उरका आणि शेवटी एकाच चौकोनाने वर चिकटवा. समोर खांब-भिंती असतील तर डेप्थ लागेल, आणि मग मी अष्टकोनावरच थांबेन.